किती वॅट, ते लेखी कळवा

इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की लॅपटॉपच्या दुकानांत गर्दी सुरू होते. आई-वडील आणि नुकताच प्रवेश मिळालेला मुलगा किंवा मुलगी काउंटरवर येतात आणि मागणी बहुधा एकच असते : इंजिनीअरिंगला चालेल आणि गेमही खेळता येतील, असा चांगला लॅपटॉप दाखवा. दुकानदार दोन-तीन मॉडेल पुढे ठेवतो आणि 'यावर सगळं चालतं' म्हणून सांगतो. तो खोटे बोलतो असे नाही. पण त्या वाक्यात मोजून बघता येईल असे काहीच नसते. पुढे गेम अडखळू लागला किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टची मोठी फाइल उघडताना यंत्र अडून बसले, तर 'तुम्हीच तसं म्हणाला होतात' एवढेच बोलता येते. ऐंशी-नव्वद हजारांची खरेदी एवढ्या भरवशावर करू नये. दुकानात जाण्याआधी एक ई-मेल लिहावा आणि त्यात असेच प्रश्न विचारावेत, ज्यांचे उत्तर आकडा, नाव किंवा हो-नाही यांखेरीज दुसरे काही असूच शकत नाही.

असा प्रश्न कसा असतो, हे ग्राफिक्स कार्डाच्या उदाहरणावरून चांगले कळते. या खरेदीत सर्वांत जास्त गफलत तिथेच होते.

गेमिंगच्या बहुतेक लॅपटॉपवर एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स चिप असते. आरटीएक्स ४०५० हे त्यातले मध्यम बजेटमध्ये नेहमी भेटणारे नाव. जाहिरातीत, दुकानाच्या पाटीवर आणि लॅपटॉपला चिकटवलेल्या स्टिकरवर हेच नाव असते. पण ही चिप किती वीज घेऊन चालवायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाने तिच्यासाठी ३५ ते ११५ वॅट एवढी रुंद मर्यादा ठेवली आहे. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून तिथे ती पन्नास-साठ वॅटवर बांधलेली असू शकते. जाड, मोठ्या पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये तीच चिप शंभर वॅटच्या घरात चालते. गावाकडे विजेचा दाब कमी असला की पाच एचपीची मोटरही पाणी अर्धवटच उचलते, तसेच हे आहे. नाव तेच, मेमरी तीच सहा जीबी, पण गेममध्ये दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या वेगळी. शंभरच्या आसपास गेल्यावर वाढीव वॅटचा फायदा कमी होत जातो. त्यामुळे शंभर की एकशे पंधरा यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण साठ की शंभर हा प्रश्न मात्र खरा आहे.

म्हणून 'ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे ना?' असे न विचारता 'कमाल ग्राफिक्स पॉवर किती वॅट?' असे विचारायचे. त्याला एक शेपूटही जोडायचे : हा आकडा डायनॅमिक बूस्ट धरून आहे की वगळून? डायनॅमिक बूस्ट म्हणजे प्रोसेसरवर भार नसेल तेव्हा त्याच्या वाट्याची थोडी वीज ग्राफिक्सकडे वळवण्याची सोय. काही कंपन्या ती धरून आकडा छापतात, काही वगळून. दोन लॅपटॉपांची तुलना करताना दोन्हीकडे एकच हिशोब हवा.

हा प्रश्न पहिल्या रांगेतला ठरतो, याला आणखी एक कारण आहे. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर कायमची बसवलेली असते. रॅम आणि एसएसडी बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये पुढे वाढवता येतात. ग्राफिक्स, तिची मेमरी आणि उष्णता बाहेर टाकणारी रचना मात्र खरेदीच्या दिवशी जी मिळते, तीच चार वर्षे. स्क्रीन बदलता येते, पण खर्च मोठा. नंतर बदलता येत नाही त्याची चौकशी आधी, आणि बदलता येते त्याची नंतर, हा क्रम ठेवला की बजेट कुठे ताणायचे आणि कुठे नाही, हे आपोआप ठरते.

रॅमचा प्रश्नही असाच नीट मांडावा लागतो. '१६ जीबी' या दोन शब्दांखाली निदान तीन वेगळ्या वस्तू मिळू शकतात. कंपनीने आठ-आठच्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतात. किंवा सोळाची एकच पट्टी असते आणि दुसरा स्लॉट रिकामा असतो. किंवा कंपनीकडून आठच जीबी आलेली असते आणि उरलेली आठ दुकानदाराने स्वतः बसवून पाटी सोळाची लावलेली असते. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि बऱ्याच गेममध्ये त्याचा फरक जाणवतो. एकच पट्टी असेल तर आज थोडे कमी मिळते, पण पुढे बत्तीसपर्यंत जाणे सोपे होते. तिसऱ्या प्रकारात गैर काही नाही, मात्र दुकानात बसवलेल्या पट्टीला लॅपटॉप कंपनीची वॉरंटी लागू होत नाही. तिची वॉरंटी पट्टी बनवणाऱ्या कंपनीची, आणि तीही वेगळे बिल असेल तरच उपयोगाची. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच जोडलेली असते, तिथे वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही. एवढे सारे एका ओळीत विचारता येते : रॅम किती पट्ट्यांत, स्लॉट किती, रिकामा किती, आणि कंपनीतून आलेली की दुकानात वाढवलेली?

आता पार्ट नंबर. लॅपटॉपच्या मालिकेचे नाव म्हणजे मॉडेल नव्हे. एकाच मालिकेच्या नावाखाली वेगवेगळे प्रोसेसर, स्क्रीन आणि ग्राफिक्स असलेली अनेक यंत्रे विकली जातात. नेमके यंत्र ओळखण्याची खूण म्हणजे खोक्यावरच्या लेबलवरचा लांबलचक पार्ट नंबर. त्यातले शेवटचे एखादे अक्षरही बोलके असते. उदाहरणार्थ, एचपीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या इंटेल लॅपटॉपांत नंबराच्या शेवटी टीयू असेल तर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, टीएक्स असेल तर असते. प्रोसेसरचेही पूर्ण नाव हवे. रायझन ७ ७७३५एचएस आणि रायझन ७ ७८४०एचएस ही नावे कानाला सारखी वाटतात, पण पहिल्याची रचना जुन्या पिढीची आहे आणि दुसऱ्याची पुढच्या. 'रायझन सेव्हन आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये. पूर्ण पार्ट नंबर हाती आला की कंपनीच्या संकेतस्थळावर बसून बाकीची निम्मी उत्तरे आपल्याला स्वतःच पडताळता येतात.

स्क्रीनबद्दल १४४ हर्ट्झ हा आकडा दुकानदार आपण होऊन सांगतो. न सांगितले जाणारे दोन आकडे म्हणजे उजेड आणि रंग. स्वस्त पॅनेल २५० निट्सचे आणि ४५ टक्के एनटीएससी रंगांचे असते. हे दुसरे माप एसआरजीबीच्या हिशोबात साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास पडते. ड्रॉइंग काढायला आणि कोड लिहायला त्याने अडत नाही. पण रंग फिके दिसतात आणि खिडकीजवळच्या बाकावर पडदा अंधारा वाटतो. ते चालणार आहे की नाही, हे तुम्ही ठरवायचे. आकडा मात्र आधी कळायला हवा.

प्रश्नांइतकीच महत्त्वाची आहे मेलच्या सुरुवातीची तीन-चार वाक्ये, ज्यांत लॅपटॉप कशासाठी हवा ते लिहिलेले असते. अनेकजण ती गाळतात. सांगली-साताऱ्याकडून पुण्याला मेकॅनिकलसाठी येणारा विद्यार्थी आणि कॉम्प्युटरला जाणारा विद्यार्थी यांची गरज एक नाही. मेकॅनिकलवाल्याला सॉलिडवर्क्स लागेल, आणि ते विंडोजवरच चालते. कॉम्प्युटरवाल्याला अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला एम्युलेटर एकत्र चालवायला सोळा जीबी रॅम हवी. पुढे मशीन लर्निंगकडे जायचे असेल तर एनव्हिडियाची चिप उपयोगी, कारण त्यातली बरीच साधने तिच्या कुडा प्रणालीवर बेतलेली असतात.

हेतू लिहिण्यामागे कायद्याचेही कारण आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम १५ सांगते की वर्णनावरून माल विकला, तर तो त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. म्हणजे दुकानदाराने मेलमध्ये '१०० वॅट, दोन स्लॉट' असे लिहून दिले आणि त्यावर विसंबून तुम्ही पैसे दिले, तर ते वर्णन विक्रीचा भाग होते. कलम १६ त्याहून पुढे जाते : ग्राहकाने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्याला कळवला आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबला, तर माल त्या हेतूला योग्य असण्याची अट गृहीत धरली जाते. मात्र ग्राहकानेच एखादी वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली, तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणून 'अमुक कंपनीचे अमुक मॉडेल द्या' असे लिहिण्यापेक्षा 'या कामासाठी तुमच्याकडचे कोणते योग्य ते तुम्ही सुचवा' असे लिहिणे शहाणपणाचे.

व्हॉट्सॲपवर विचारले तर चालणार नाही का? चालेल, तोही इलेक्ट्रॉनिक पुरावाच. पण तिथे पाठवलेला मजकूर काही काळ सर्वांकडून पुसता येतो, आणि प्रश्न एकीकडे, उत्तर चार फोटोंच्या खाली, अशी स्थिती होते. मेलमध्ये प्रश्नाखाली उत्तर येते आणि तारीख-वेळेसह तसेच राहते. गर्दीच्या दिवसांत दुकानदार अनोळखी मेल उघडत नाहीत. आधी फोन करावा, 'मेल पाठवतोय, बघाल का' एवढे सांगावे आणि मग पाठवावा. विषयाच्या ओळीत बजेट आणि खरेदीचा दिवस लिहिला की समोरच्याला कळते, हा नुसता भाव काढणारा नाही. प्रश्न सातावर जाऊ देऊ नयेत. वीस प्रश्नांच्या मेलला उत्तर येत नाही, आले तर 'दुकानात या' एवढेच येते.

असा एक मेल पूर्ण लिहून दाखवतो.

विषय : लॅपटॉप चौकशी, बजेट ८५,००० रुपये, येत्या शनिवारी खरेदी

नमस्कार,

काल दुपारी आपले फोनवर बोलणे झाले. मला यंदा मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आहे. लॅपटॉप चार वर्षे वापरायचा आहे. त्यावर ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स आणि अँसिस यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्त्या चालवायच्या आहेत आणि फुल एचडी स्क्रीनवर गेम खेळायचे आहेत. तो रोज कॉलेजला न्यावा लागेल. या वापरासाठी तुमच्याकडे आत्ता असलेल्या मालापैकी योग्य अशी एक-दोन मॉडेल तुम्ही सुचवावीत आणि प्रत्येकाबद्दल पुढील माहिती याच मेलला उत्तर म्हणून द्यावी, ही विनंती.

१. खोक्यावरचा पूर्ण पार्ट नंबर आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव.
२. ग्राफिक्स कार्डाचे नाव, त्याची मेमरी आणि कमाल ग्राफिक्स पॉवर किती वॅट? हा आकडा डायनॅमिक बूस्ट धरून की वगळून?
३. रॅम किती पट्ट्यांत, एकूण स्लॉट किती, रिकामा किती? रॅम आणि एसएसडी कंपनीतून आलेली की दुकानात वाढवलेली?
४. स्क्रीन किती निट्स आणि किती टक्के एसआरजीबी किंवा एनटीएससी?
५. विंडोज कंपनीने परवान्यासह घातलेली आहे का?
६. वॉरंटी किती वर्षे, घरी येऊन दुरुस्तीची की सेंटरला नेण्याची? ती माझ्या बिलाच्या तारखेपासून मोजली जाईल का?
७. जीएसटीसह अंतिम किंमत किती? खोके माझ्यासमोर उघडून सुरू करून दाखवाल का, आणि दोष निघाल्यास किती दिवसांत बदलून द्याल?

शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर मिळाल्यास शनिवारी अकरा वाजता वडिलांसोबत येतो.

आपला,
नाव, गाव, मोबाइल

एवढाच मेल. त्यात कौतुक नाही, घासाघीस नाही. किमतीची बोलणी समोरासमोर होतातच. मेलमध्ये ती सुरू केली की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे मागे पडतात.

आता उत्तर वाचायचे कसे? समजा एका दुकानाने लिहिले : 'आरटीएक्स ४०५०, १६ जीबी रॅम, सर्व गेम हाय सेटिंगला चालतात, सॉलिडवर्क्स सर्टिफाइड, कंपनी वॉरंटी, दुकानात या, बेस्ट प्राइस देऊ.' सातांपैकी एकाही प्रश्नाचे पूर्ण उत्तर यात नाही. शिवाय एक विधान चुकीचे आहे. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत वर्कस्टेशनसाठीची व्यावसायिक कार्डे असतात, गेमिंगची जीफोर्स मालिका नसते. विद्यार्थ्याचे काम जीफोर्सवर व्यवस्थित होते. पण 'चालते' आणि 'सर्टिफाइड' यांत फरक आहे आणि तो विक्रेत्याला ठाऊक असायला हवा. अशा दुकानाला एकदा नम्रपणे आठवण करावी : 'दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे.' तरीही आले नाही तर दुसरे दुकान बघावे.

दुसऱ्या दुकानाने समजा दोन मॉडेल सुचवली. पहिले : आरटीएक्स ४०५०, सहा जीबी, बूस्ट धरून १०५ वॅट, कंपनीची आठ जीबीची एक पट्टी, दुसरी आठची दुकानात बसवून, स्क्रीन २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी, वजन २.३ किलो. दुसरे : तेच ग्राफिक्स, पण ६० वॅट, १६ जीबी रॅम बोर्डवर जोडलेली, स्लॉट नाही, स्क्रीन ३०० निट्स, १०० टक्के एसआरजीबी, वजन १.८ किलो. किंमत जवळपास सारखी.

पाटीवर दोन्हींचे वर्णन 'आरटीएक्स ४०५०, १६ जीबी' असेच राहील. दुकानात शेजारी ठेवून पाहिले तर दुसरे उजवे वाटेल, कारण ते पातळ आहे आणि त्याचा पडदा झळाळतो. पण आपल्या मेलमधला विद्यार्थी मेकॅनिकलचा आहे आणि त्याला गेम खेळायचे आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी अँसिसमध्ये मोठे मॉडेल सोडवायला घेतले की सोळा जीबी अपुरी पडू शकते, आणि दुसऱ्या यंत्रात ती वाढणारच नाही. साठ वॅटचेही काही करता येणार नाही. पहिल्याचा फिका पडदा हे त्याचे खरे वैगुण्य, पण घरी किंवा होस्टेलवर बाहेरचा मॉनिटर जोडून ते निम्मे भरून निघते. माझा कौल पहिल्याला. त्यासाठी चार्जर धरून जवळजवळ तीन किलोचे ओझे रोज पाठीवर येईल, हे मात्र पाहून घ्यावे. हीच दोन यंत्रे कॉम्प्युटर शाखेच्या, क्वचित गेम खेळणाऱ्या आणि लोकलने प्रवास करणाऱ्या मुलीसमोर असती, तर मी तिला दुसरे घ्यायला सांगितले असते.

पहिले घ्यायचे ठरले तर एक छोटा मेल आणखी जातो : 'वाढीव रॅमच्या पट्टीचे कंपनीचे नाव आणि वॉरंटी बिलावर स्वतंत्र ओळीत लिहावी. ती पट्टी बसवण्यासाठी लॅपटॉप उघडल्याने मूळ वॉरंटीला बाधा येत नाही, हे कळवावे.'

शनिवारी दुकानात त्या मेलची छापील प्रत घेऊन जावे. पैसे देण्याआधी खोक्यावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी बघावी. ती आधीच सुरू झालेली आणि बरीच उलटलेली दिसली, तर यंत्र डेमोचे किंवा परत आलेले असण्याची शक्यता असते. कधी नोंद कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेची असते आणि बिल दाखवल्यावर दुरुस्त होते. काय ते तिथेच विचारून घ्यावे. खोक्यावरचा, यंत्राच्या पाठीवरचा आणि बिलावरचा नंबर एकच हवा. कंपनीने विंडोज घातलेला नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की देश, भाषा, कीबोर्ड विचारत जातो. थेट डेस्कटॉप उघडला तर कुणीतरी तो आधी सुरू केलेला आहे. वाढीव रॅम बसवताना दुकानदाराने तसे केले असू शकते, पण तेही विचारावे. या पहिल्या मांडणीला इंटरनेट लागते, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवावा.

यंत्र सुरू झाले की मेलमधली उत्तरे पडद्यावर ताडून पाहता येतात. Task Manager उघडून Performance मध्ये Memory वर गेले की Slots used या ओळीत किती स्लॉट भरले आहेत ते दिसते. NVIDIA Control Panel मधल्या System Information मध्ये Maximum graphics power ही ओळ असते. आपण विचारलेले वॅट तिथे लिहिलेले असतात. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टवर ही आज्ञा द्यावी :

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता दिसते. नव्या यंत्रात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात.

लिहून दिलेले आणि पडद्यावर दिसणारे जुळले नाही, तर तिथेच, बिल होण्याआधी, यंत्र परत करावे. घरी आल्यावर दोष कळला तर त्याच मेलला उत्तर म्हणून दुकानदाराला फोटोसह कळवावे, म्हणजे सगळा व्यवहार एका धाग्यात राहतो. बिल न देणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे. दोष असलेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे हाही त्यातच येतो. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही काम झाले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते, त्यामुळे सांगलीच्या ग्राहकाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी या तक्रारीला शुल्क नाही.